नारळी पौर्णिमेचं गाऱ्हाणं

दापोली तालुका, ३ ऑगस्ट २०२०. संध्याकाळी, पुळणीवर.

तोंडाला फडकं बांधून, दोन-दोन हात अंतर ठेवून उभं राहावं. देवाचं नाव ज्याने त्याने आपापलं घ्यावं. मोहल्ला, बौद्धवाडी, कोळीवाडा सगळे आलेत. वादळाच्या दिवशी शाळेच्या पडवीतही सगळे एकत्रच होतो.

गावकर : बा देवा महाराजा, हा दर्या तुझा, ही वाडी तुझी, आम्ही लेकरंही तुझीच.

सर्व : होय महाराजा!

गावकर : आज बरोबर दोन महिने झाले. ३ जूनला भर दुपारी निसर्ग वादळ आलं. आज्याने लावलेले माड, बापाने शिंपलेल्या पोफळी दिवस मावळायच्या आत आडव्या झाल्या. तुला ठाऊक आहे, तरी तोंडाने सांगतो.

सर्व : ऐक महाराजा!

बागायतीतली आजी : पोफळ धरायला पाच-सहा वर्षं लागतात, माडाला त्याहून जास्त. माझी सत्तरी उलटली. तरी रोपं घातलीत. दोन दिवसांवर वटपौर्णिमा होती नि पारावरचा वड मुळासकट पडलेला. आम्ही बायकांनी पडल्या वडालाच सूत गुंडाळलं. तो पुन्हा फुटू दे.

सर्व : फुटू दे महाराजा!

तांडेल : होड्या खाडीत बांधल्या होत्या, तरी दोर तुटून खडकावर आपटल्या. दर्यावर राग धरून आमचं पोट भरत नाही. उद्या त्याच्याच अंगावर जायचंय.

सर्व : सुखरूप परत आण महाराजा!

*आता वादळात गेलेल्यांसाठी गप्प उभं राहावं. कुणी रडलं तर रडू द्यावं. पुढचं म्हणायची घाई करू नये.*

गावकर : ताडपत्र्या वाटताना आमची भांडणं झाली. पक्क्या घरातल्यानेही हात पुढे केला, आणि उडालेल्या छपराखालची म्हातारी मागे राहिली.

सर्व : चुकलं महाराजा, पदरात घे!

गावकर : ज्याच्या डोक्यावर अजून ताडपत्री आहे, त्याच्या घरावर दिवाळीआधी कौल चढू दे.

सर्व : होय महाराजा!

गावकर : मुंबईला असलेल्या पोरांना कितीतरी दिवस कळलं नाही, आईबाप जिवंत आहेत की नाहीत. अशी वेळ पुन्हा कुणावर आणू नको.

सर्व : आणू नको महाराजा!

गावकर : आणि मंडळी, हे तुम्हाला विचारतो. विधवेच्या बागेतले पडलेले माड अजून तसेच आहेत. कोण येणार?

सर्व : आम्ही येणार!

गावकर : कधी?

सर्व : उद्या सकाळी!

*तांडेलाने एक नारळ दर्याला द्यावा. दुसरा फोडायचा नाही. तो मोड आलेला आहे. पुळणीवरच्या खड्ड्यात तो गावातल्या सर्वांत लहान चालत्या पोराने ठेवावा. प्रत्येकाने मूठभर माती टाकावी.*

सर्व : रुज रे माडा, रुज!