पोपट ठेवल्यानंतर

विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'च्या शेवटी सामंत हिरवा कापडी पोपट लुटुपुटूच्या खटल्यातली आरोपी म्हणून निश्चल पडलेल्या बेणारेबाईंजवळ ठेवून निघून जातो. इंदूरच्या हौशी मंडळींनी प्रकाश पोपटावरच आवळत नेला, बाई अंधारात. कणव उरली, आरोपी हरवली. (मागच्या रांगेत हुंदका ऐकू आला, हेही खरं.) कॉलेजच्या मुलांचा सामंत मात्र पोपट ठेवून थबकतो, तिच्या खांद्याकडे हात नेतो आणि मागे घेतो. संहितेत हे नाही. पण कादंबरीतून उचललेली साक्ष देणारा हाच, हे त्या मागे घेतलेल्या हातानं आठवतं. तोवर त्याच्या भाबडेपणावर मीही भाळले होते. दिवे लख्खच राहिले. टाळ्या कधी वाजवायच्या, कुणाला कळेना.