आषाढ सेल २४ जुलैला नाही, आता ७ ऑगस्टपासून

सप्रेम नमस्कार.

परवा शुक्रवारी, २४ जुलैला सुरू होणारा आपला इरकल साड्यांचा आषाढ सेल पुढे ढकलावा लागतोय. तो आता शुक्रवार ७ ऑगस्ट ते रविवार १६ ऑगस्ट असे दहा दिवस असेल. कराड, वाई, कोरेगावहून काहीजणी मिळून येणार होतात, कुणी रजाही टाकल्या आहेत. त्या सगळ्यांची मी मनापासून माफी मागते.

झालं ते असं. मे महिन्यात आम्ही इलकलच्या विणकरांकडे ३४० साड्या सांगितल्या होत्या. शनिवारी त्यातल्या २१० आल्या. गठ्ठे सोडले तर दोन गठ्ठ्यांत पाणी शिरलेलं. टोप पदराचा लाल रंग अंगावर उतरून ४६ साड्या खराब झाल्या. उरलेल्या १३० साड्या अजून मागावरच आहेत. तिकडे पंधरा दिवस झिमझिम थांबली नाही आणि ओल्या हवेत ताण्याला लावलेली खळ वाळत नाही. माग खड्ड्यातले, त्यात ओल धरते. शिवाय इरकलीत अंगाचा सुती ताणा आणि पदराचा रेशमी ताणा धाग्याला धागा अडकवून जोडतात. ते काम हातानेच होतं, त्यात घाई करा म्हणणं मला पटत नाही.

चांगल्या १६४ साड्यांवर सेल सुरू करता आला असता. पण सांगितलेल्या ६० नऊवारींपैकी हातात आल्यात फक्त नऊ. पहिल्या दोन तासांत त्या संपल्या असत्या आणि लांबून आलेली बाई हात हलवत परत गेली असती. यंत्रमागाचा माल भरून वेळ निभावून न्या, असंही एकाने सुचवलं. ते आम्ही करणार नाही. हातमागाची म्हणून तुम्ही विश्वासाने घेता, तर ती हातमागाचीच मिळायला हवी.

चूक आमचीच आहे. माल कपाटात येण्याआधी आम्ही तारीख जाहीर केली, हँडबिलं वाटली. विणकरांचा यात काही दोष नाही. भिजलेल्या साड्यांचेही पूर्ण पैसे त्यांना दिले आहेत, आणि त्या ४६ पैकी एकही साडी सेलमध्ये येणार नाही.

आता ज्यांना थांबता येणार नाही त्यांच्याबद्दल. पहिली मंगळागौर १८ ऑगस्टला आहे. ७ तारखेला साडी घेतली तर फॉल-बिडिंग होईल, पण श्रावणाच्या तोंडावर टेलर ब्लाऊज वेळेत देईलच असं नाही. म्हणून यंदा जिची मंगळागौर आहे, तिने उद्यापासूनच दुकानात यावं. आलेल्या साड्यांतली हवी ती सेलच्या भावाने मिळेल, नऊवारी आधी तुम्हालाच दाखवू. फॉल-बिडिंग आमच्याकडून, आणि ब्लाऊजसाठी खण घेतलात तर आमच्या टेलरताई आठ दिवसांत शिवून देतील. त्यांच्याशी बोलणं झालंय.

ज्या ३१ जणींनी ५०० रुपये आगाऊ भरलेत, त्यांची साडी बाजूला ठेवलेली राहील. पैसे परत हवे असतील तर दुकानात या किंवा याच नंबरवर कळवा, त्याच दिवशी देऊ. कारण विचारणार नाही. आणि हा निरोप न मिळाल्याने कुणी शुक्रवारी आलंच, तर त्यांनाही दुकानातल्या साड्या सेलच्या भावाने मिळतील.

भाव जाहीर केलेलेच आहेत. सहावारी इरकल २,८०० ची २,२४० ला, नऊवारी ३,६०० ची २,८८० ला, खण १५० रुपये मीटरचा १२० ला. गोमी आणि गायत्री, दोन्ही काठ मिळतील. वेळ सकाळी १० ते रात्री ९, रविवारीही. फक्त बुधवारी १२ तारखेला दिव्यांची आवस आहे, त्या दिवशी संध्याकाळी ६ ला दुकान बंद होईल. मुलींनाही घरी दिवे लावायचे असतात.

नवी तारीख विणकरांना विचारून ठरवली आहे. साड्या १ ऑगस्टला मिळतील असा त्यांचा शब्द आहे. ३१ जुलैला मी स्वतः इलकलला जातेय, आणि या वेळी माल आमच्याच गाडीतून, ताडपत्रीखाली येईल. प्रत्येक साडीची घडी उलगडून तपासायला मधले दिवस राखून ठेवलेत. मंगळवारी ४ ऑगस्टला संध्याकाळी, साड्या कपाटात लागल्यावर, त्यांचा फोटो याच नंबरवरून पाठवेन. तो बघूनच घरून निघायचं ठरवा.

तुमची साडीवाली काकू
आणि दुकानातल्या सगळ्याजणी
राजपथ, सातारा
२२ जुलै २०२६