कार्यभार हस्तांतरण टिपण : सामायिक अंदाजपत्रकातील दुरुस्त सूत्रे (वर्ष 2024-25)

प्रति : सहायक लेखापाल, लेखा शाखा

महोदया,

लेखापरीक्षकांनी दाखवलेल्या तफावतीनंतर अंदाजपत्रकाच्या सामायिक गूगल शीटमध्ये केलेले बदल, यापुढे हे काम आपल्याकडे येत असल्याने, येथे नोंदवत आहे. टॅलीतील खतावणीनुसार वर्षाचा खर्च रु. 48,62,350 होता, तर आपल्या ‘गोषवारा’ पानावर तो रु. 47,15,850 दिसत होता. रु. 1,46,500 च्या या फरकाची दोन कारणे सापडली.

पहिले कारण म्हणजे 31 मार्चच्या नोंदी. ‘नोंदी’ पानावरील तारखा फॉर्ममधून वेळेसह येतात, आणि सूत्रातील अट 31 मार्च सुरू होतानाच्या मध्यरात्री 12 वाजेपर्यंतच लागू होत असल्याने त्या दिवशी नंतर नोंदलेली रु. 58,500 ची देयके गळत होती. वर्षाखेरीची बहुतेक घाई त्याच दिवशी होत असल्याने ही अट विशेष घातक होती. F5 ते F43 मधील सूत्र आता असे आहे :

```
=SUMIFS('नोंदी'!$E:$E,'नोंदी'!$C:$C,$B5,
'नोंदी'!$A:$A,">="&DATE(2024,4,1),
'नोंदी'!$A:$A,"<"&DATE(2025,4,1))
```

पूर्वी शेवटची अट `"<="&DATE(2025,3,31)` अशी होती.

उरलेले रु. 88,000 हे वर्षाच्या मध्यात ओळ 42 व 43 मध्ये वाढवलेल्या दोन लेखाशीर्षांचे होते. बेरजेची कक्षा मात्र F41 पर्यंतच राहिली होती. ओळ 44 आता मुद्दाम रिकामी व करड्या रंगाची ठेवली असून एकूण बेरीज F45 मध्ये `=SUM(F5:F44)` अशी आहे. नवीन लेखाशीर्ष नेहमी करड्या ओळीच्या वरच घालावे, म्हणजे कक्षा आपोआप वाढते.

लेखापरीक्षकांच्या नजरेस न आलेली एक चूकही दुरुस्त केली आहे. मंजूर तरतूद आणणाऱ्या सूत्रात शेवटचा FALSE नव्हता, आणि ‘तरतूद’ पानावरील संकेतांक चढत्या क्रमाने नसल्याने काही शीर्षांसमोर भलतीच तरतूद येत होती. एकूण खर्चावर याचा परिणाम नव्हता, तरी शिल्लक तरतुदीचे आकडे विश्वासार्ह नव्हते.

```
=VLOOKUP($B5,'तरतूद'!$A:$C,3,FALSE)
```

एक काम अपुरे आहे. 2025-26 च्या सुधारित अंदाजपत्रकाची वेगळी फाइल IMPORTRANGE द्वारे F44 मधून बेरीज घेते. त्या सूत्रातील पत्ता मजकूर म्हणून लिहिलेला असल्याने बेरीज खाली सरकली तरी तो बदलत नाही. F44 आता रिकामा असल्याने तेथे आकडा दिसणार नाही. त्या फाइलच्या संपादनाचा अधिकार मुख्य लेखापालांकडे आहे. त्यांच्याकडून पत्ता F45 करून घ्यावा आणि त्यानंतरच लेखापरीक्षकांना अनुपालन अहवाल पाठवावा.

दुरुस्तीपूर्वीची प्रत आवृत्ती इतिहासात ‘लेखापरीक्षणापूर्वी’ या नावाने जतन केली आहे. अनुपालन अहवाल स्वीकारला जाईपर्यंत ती पुनर्स्थापित करू नये. पडताळणीसाठी केवळ उघडून पाहावी.

आपला,
लेखापाल, लेखा शाखा