बांधणाऱ्याचा माग: रायगड शोधपत्र (इयत्ता सातवी, पाच-पाच जणांचे गट)

मुलांनो, आज आपण एका माणसाला शोधायला गड चढतोय. तो राजा नव्हता, सेनापतीही नव्हता. महाराजांच्या आज्ञेवरून त्याने या डोंगरावर राजधानी उभी केली. त्याचे नाव गडावर दोन ठिकाणी दगडात कोरलेले आहे. वाटेत तुम्हाला त्याने केलेली कामे भेटतील, नाव मात्र शेवटी. तुमच्यातल्या कुणाला ते आधीच माहीत असेल, तर दुपारपर्यंत पोटात ठेवा.

प्रत्येक गटाने जवळ ठेवायचे: वही, पेन्सिल, मोजपट्टी, होकायंत्र, दहा फुटांची सुतळी. गटात एकाने मापे घ्यायची, एकाने लिहायचे, एकाने चित्र काढायचे. उरलेल्या दोघांनी फक्त बघायचे. हे काम सोपे वाटते, पण सगळ्यात जास्त खुणा यांनाच सापडतात. प्रत्येक टप्प्यावर कामे बदला. उत्तराखाली "कशावरून?" हे लिहायचेच. त्याशिवाय गुण नाहीत.

दगडावर खडू, पेन किंवा ओला हात लावायचा नाही. कोरीव अक्षरावर कागद ठेवून पेन्सिल घासायची नाही. कठड्यापासून दोन हात लांब. टकमक टोक आणि हिरकणी बुरूज आज आपण लांबूनच बघणार आहोत.

टप्पा १. लपलेले दार

चित दरवाजाकडून चढताना एक क्षण असा येतो की समोर दोन भक्कम बुरूज दिसतात, पण दार दिसत नाही. तिथेच थांबा. वहीत लिहा: दार प्रथम दिसले तेव्हा तुम्ही त्यापासून किती पावलांवर होता? आता असे समजा की तुमच्यामागे शत्रूचा हत्ती आहे आणि त्याला धावत येऊन दाराला धडक द्यायची आहे. त्याला धाव घ्यायला जागा कुठे आहे?

बुरुजांपैकी एक सुमारे ७५ फूट उंच आहे, दुसरा सुमारे ६५ फूट. कोणता कोणता, ते सुतळी वर न नेता ठरवा. (सावली मोजा, किंवा दगडांचे थर मोजा.) भिंतीतली छिद्रे म्हणजे जंग्या. आत गेल्यावर एका जंगीतून डोळा लावून बघा. आभाळ दिसते की वाट? त्यावरून छिद्राचा उतार कळेल आणि तो तसा का ठेवला तेही.

महादरवाजाच्या बाहेरच्या अंगाला, वर दोन्ही बाजूंना, एकसारखी दोन फुले कोरलेली आहेत. कोणती? लढाईच्या दारावर फूल कशाला, यावर गटात दोन मिनिटे बोला. आत आल्यावर पहारेकऱ्यांच्या देवड्यांत बसून पाणी प्या. तेही याच कामासाठी इथे बसत.

टप्पा २. पाणी आणि कोपरे

गंगासागर तलावाजवळचे दोन मनोरे शोधा. लांबून ते गोल वाटतात. एक मनोरा पायाशी फिरून बघा, बाहेरचे कोपरे मोजा आणि तसाच आकार वहीत काढा. गोल भिंतीपेक्षा हे काम गवंड्याला सोपे की अवघड?

मग तलावाकडे वळा. इतक्या उंचीवर नदी नाही, विहिरीलाही खडक. पावसाचे पाणी कुठल्या उतारांवरून इथे येत असेल, ते बाणांनी दाखवा.

टप्पा ३. ज्याविषयी कुणी विचारत नाही

पालखी दरवाजातून वर गेल्यावर राणीवशाची जोती ओळीने लागतात. किती, ते मोजा. माझी आवडती खूण इथे आहे: महालांतले शौचकूप आणि सांडपाण्याची वाट. हसून झाले की पाणी कुठून कुठे जात असेल त्याचा नकाशा काढा. सिंहासनाचे वर्णन सगळे करतात. पण राजधानी राहण्यासारखी झाली ती अशा कामांमुळे.

इथे भिंती आणि छपरे का नाहीत? १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी समोरच्या डोंगरावरून तोफा डागल्या. वाडे जळाले. जोती दगडाची म्हणून राहिली. यावरून ओळखा, वरचा भाग कशाचा असावा?

टप्पा ४. कुजबुज

राजसभेत दोघांनी नगारखान्याकडे राहायचे, बाकीच्यांनी सिंहासनाच्या जागेकडे जायचे. सगळी सभा गप्प. लांबच्या दोघांनी आधी कागद फाडायचा, मग हळू आवाजात एक वाक्य म्हणायचे. ऐकू आलेले शब्द लिहा आणि मग खरे वाक्य विचारा. अंतर पावलांनी मोजा. सिंहासन कोणत्या दिशेला तोंड करून आहे ते होकायंत्राने तपासा, आणि सकाळी ऊन कुणाच्या तोंडावर पडत असेल ते सांगा.

टप्पा ५. बाजारपेठ

होळीच्या माळावरून पुढे या. मधला रस्ता मोजा: चाळीस फुटांच्या आसपास यायला हवा. दोन्ही रांगांतले गाळे मोजा. घोड्यावर बसूनच इथे खरेदी होत असे, असे तुम्ही ऐकले असेल. ही जागा बाजाराची नव्हती असेही काही अभ्यासक म्हणतात. आपण दगडाला विचारू. जोत्याची उंची मोजा, गटातल्या एकाला घोडेस्वार समजा आणि हात पोहोचतो का बघा. दोन्ही बाजूंनी प्रत्येकी एक पुरावा लिहा. इथे एकच बरोबर उत्तर नाही.

टप्पा ६. नाव

जगदीश्वराच्या देवळात चपला बाहेर. नंदी आणि मंडपातले कासव बघा, मग भिंतीतला संस्कृत शिलालेख शोधा. सगळा वाचता येणार नाही, त्याची गरजही नाही. हे शब्द शोधा:

षण्णवबाणभूमि

हा आकडा आहे. षण् म्हणजे सहा आणि नव म्हणजे नऊ. मदनाचे बाण किती? भूमी किती? मिळालेले चार अंक क्रमाने मांडा आणि उजवीकडून डावीकडे वाचा. आला तो शक. त्यात ७८ मिळवा.

त्याच लेखात पुढे "हीराजिना निर्मितो" सापडेल. म्हणजे "हिराजीने बांधले". आता देवळाच्या पायऱ्यांकडे या आणि खाली वाका. तिथे मराठीत एक ओळ आहे. ती जशी आहे तशी, अक्षर न बदलता, उतरवून घ्या.

देवळाच्या पूर्वेला, थोड्या अंतरावर, महाराजांची अष्टकोनी समाधी आहे. तिथे बोलायचे नाही, मोजायचे नाही. पाच मिनिटे उभे राहा. मग सगळे बाईंजवळ.

*घडीच्या आत (गाडीत बसल्यावर उघडा)*

महादरवाजावरची फुले कमळे आहेत. मनोऱ्यांना बारा कोन. अंक ६, ९, ५, १, म्हणून शक १५९६, म्हणजे सन १६७४: राज्याभिषेकाचे वर्ष. तुमच्या पुस्तकातली ६ जून हीच. सिंहासनाचे तोंड पूर्वेकडे. बाजारपेठेत दोन्ही रांगांना बावीस-बावीस गाळे. कमी भरले असतील तर कोणता गाळा कुठे ढासळला आहे ते आठवा.

पायरीवरची ओळ: "सेवेचे ठायी तत्पर हिराजी इटळकर". आपण ज्यांना हिरोजी इंदुलकर म्हणतो ते हेच.

सोमवारी वर्गात एका प्रश्नावर बोलायचे आहे, घरच्यांनाही विचारून या. भिंतीत सुरेख संस्कृत श्लोकात नाव कोरून झाले होते. मग या माणसाने मराठीत, आणि तेही पायरीवर, पुन्हा का कोरले?