वेबसाइटचे अपूर्ण काम आणि रोखून ठेवलेला शेवटचा हप्ता

प्रति,
वेबसाइट विकासक

स. न. वि. वि.

आमच्या प्रशिक्षण केंद्राच्या वेबसाइटचे काम संपल्याचे कळवून आपण शेवटच्या हप्त्याचे बिल पाठवले आहे. साइट आम्ही बारकाईने तपासली. करारासोबतच्या यादीतल्या काही महत्त्वाच्या सोयी तिच्यात अजून नाहीत, म्हणून हे बिल आत्ता चुकते करणार नाही. पहिले दोन हप्ते, म्हणजे ठरलेल्या रकमेचे ७० टक्के, आम्ही वेळेवर दिले आहेत. उरलेले ३० टक्के यादीतले सर्व काम तपासून ताब्यात घेतल्यावर द्यायचे, असे करारात स्पष्ट आहे.

मुख्य अडचण नोंदणीची. पैसे भरताच जागा पक्की व्हावी, पावती ई-मेलने जावी आणि तुकडी भरली की नोंदणी आपोआप बंद व्हावी, असे ठरले होते. पेमेंट गेटवे मात्र अजून टेस्ट मोडवरच आहे. चाचणीचे पेमेंट यशस्वी झाले तरी अ‍ॅडमिन पॅनेलमध्ये नोंद Pending च राहते, कारण गेटवेकडून येणारा संदेश टिपणारा वेबहुक जोडलेलाच नाही. पावती जात नाही. २० जागांच्या तुकडीत एकविसावी नोंदणी करून पाहिली, तीही स्वीकारली गेली. साइट अशीच सुरू केली, तर पैसे भरलेल्या विद्यार्थ्याला जागा नाही म्हणून परत पाठवायची वेळ आमच्यावर येईल. हे आम्हाला अजिबात मान्य नाही. ही साइट नोंदणीसाठीच करून घेतली आहे.

मराठी-इंग्रजी भाषाबदल फक्त मेनूपुरता चालतो. फॉर्म आणि चुकांच्या सूचना इंग्रजीतच राहतात. फोनवर आपण याला जादा काम म्हणालात, पण यादीत 'संपूर्ण साइट दोन्ही भाषांत' असेच लिहिले आहे. मोबाइलवर नोंदणी फॉर्मचे 'पुढे' बटण स्क्रीनबाहेर जाते. रोजच्या बॅकअपची व्यवस्था नाही. सोर्स कोड आणि होस्टिंगचे लॉगिनही मिळालेले नाही.

आपले डिझाइन आम्हाला मनापासून आवडले आहे आणि काम आपल्याच हातून पूर्ण व्हावे अशी इच्छा आहे. हे पत्र मिळाल्यापासून २१ दिवसांत वरील कामे पुरी करावीत. आम्ही ५ दिवसांत तपासणी करू आणि सर्व ठीक असल्यास त्यानंतर ३ दिवसांत पूर्ण रक्कम जमा करू. त्यात एक पैसाही कापणार नाही.

एखादे काम जमणार नसेल, तर ते आठ दिवसांत लेखी कळवावे. ते दुसऱ्याकडून करून घेण्याचा खर्च वजा करून उरलेली रक्कम देण्याची आमची तयारी आहे. दोन्हींपैकी काहीच झाले नाही, तर करारातल्या वाद निवारणाच्या कलमाप्रमाणे पुढे जावे लागेल. तोवर साइट किंवा तिचा डेटा बंद करू नये, हेही इथे नोंदवून ठेवतो.

सोबत चाचणीचे स्क्रीनशॉट आणि करारातल्या यादीची प्रत जोडली आहे.

कळावे,
संचालक,
प्रशिक्षण केंद्र