तर: ७५ सेकंदांच्या टीझरची पटकथा

चित्रीकरणासाठी अंतिम मसुदा

स्थळ: वाशिष्ठीच्या खाडीवरचा एक लहान धक्का, अलीकडची वाडी आणि समोरचा काठ
दिवस: कार्तिक वद्य द्वितीया आणि तृतीया, दोन्ही दिवस पहाटे ५:४५ ते ८:३०
पात्रं: मुलगी (दहावीत), आजी, चाचा (होडीवाले, पन्नाशीचे), मासळीची पाटी घेतलेली मावशी, बॅग घेतलेला चाकरमानी
निवेदन नाही. पार्श्वसंगीत नाही.

वाचण्याआधी

खाडीतली होडी आत्ता कुठल्या काठाला आहे ते सांगणाऱ्या ‘तर’ या आपल्या ॲपचा हा टीझर आहे. दाभोळ–धोपावे, वेसवी–बागमांडला, जयगड–तवसाळ इथल्या गाड्या नेणाऱ्या फेरीबोटी सगळ्यांना ठाऊक आहेत. आपला टीझर त्यांचा नव्हे. जिला वेळापत्रक नाही, तिकिटाची खिडकी नाही आणि जिच्यावाचून दोन वाड्यांचं पान हलत नाही, त्या लहान होडीचा आहे. म्हणून ड्रोनचं एकही दृश्य घेऊ नका. वरून पाहिली की खाडी देखणी दिसते आणि अरुंदही. समोरचा काठ किती लांब आहे ते धक्क्यावर उभं राहिल्यावरच कळतं. कॅमेरा सगळीकडे उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा.

दुसरं, शब्दांबद्दल. खाडीकाठी या होडीला सगळे ‘तर’च म्हणतात. तरीही टीझरमध्ये हा शब्द कुणाच्याही तोंडी येणार नाही. सगळे ‘होडी’ म्हणतील किंवा चाचांचं नाव काढतील. ‘जर’ मात्र तीनदा येईल आणि तिन्ही वेळा वाक्य अर्धवट सुटेल. ‘जर’ कानावर पडला की मराठी माणूस ‘तर’ची वाट पाहतो. या टीझरची सारी उत्कंठा त्या वाट पाहण्यावर उभी आहे. त्यामुळे कलाकारांनी सरावातसुद्धा वाक्यं पुरी करू नयेत.

०:०० – ०:०७
काळा पडदा.

आवाज: ओल्या चिखलातली बारीक टपटप. लांबवर एक कोंबडा. मग एका बाईचा कुकारा, पूर्ण ताकदीनं, पाण्यावरून जाणारा:

कूऽऽऽऽ

शांतता. उत्तर येत नाही. पुन्हा, थोडा थकलेला:

कूऽऽऽ

अक्षरं (पांढरी, लहान): द्वितीया

०:०७ – ०:१९
घराची पडवी. अजून उजाडलेलं नाही. मुलगी गणवेशात, वेणी घालता घालता पायरीवर बसलेली. आजी अंगठ्यानं बोटांची पेरं मोजते आहे.

आजी: दुज आज. दोनाची पाऊणपट दीड. दीडला भरणार. म्हणजे आत्ता सुकलेली असणार गो.

मुलगी: मग होडी धक्क्याला लागेल का?

आजी: पाणी मला कळतं. चाचा कुठल्या काठाला आहे, ते कुठे कळतं? जर अलीकडे असला…

आजी दिव्याची वात खाली करते. वाक्य तिथेच राहतं.

(दिग्दर्शकासाठी: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची ढोबळ वेळ. आपल्या किनाऱ्यावर पिढ्यान्पिढ्या चालत आलेलं हे गणित आहे. ते गंमत म्हणून किंवा जुनं झालेलं म्हणून दाखवू नका. आजीचं गणित बरोबर आहे आणि टीझरच्या शेवटीही बरोबरच ठरतं. तिला कमी पडते ती एकच माहिती. त्या एका माहितीसाठी आपण सगळे कामाला लागलो आहोत.)

०:१९ – ०:४१
धक्का. सात वाजताहेत. ओहोटी.

या बावीस सेकंदांत घाई करू नका. टीझर म्हटला की दर दीड सेकंदाला दृश्य बदलायची सवय लागलेली असते, ती इथे मोडायची. वाट पाहणं पाहणाऱ्याच्या अंगावर आलं पाहिजे.

धक्क्याच्या शेवटच्या पायरीनंतर नुसता चिखल. त्यात निवट्यांची उडी. तिवरांची मुळं उघडी पडलेली. पायऱ्यांच्या कडेला कालवं चिकटलेली, धारदार. पाण्याची पट्टी पार मध्यावर, आणि पलीकडच्या काठाला लावलेली एक होडी. होडीत माणूस दिसत नाही.

मावशी तोंडाशी हात धरते. सुरुवातीला ऐकला तो कुकारा आता दिसतो. मुलगी चपला हातात घेऊन एक पाऊल चिखलात टाकून बघते. पाय पोटरीपर्यंत जातो. ती मागे येते.

मावशी पाटी खाली ठेवते. वरचं ओलं फडकं चाचपते. बोटांना ते कोरडं लागतं.

मावशी (स्वतःशीच): जर ही आठच्या आत पोचली नाही…

मुलगी तिच्याकडे बघते. काही बोलत नाही. ऊन धक्क्याच्या दगडावर येतं. पाटीची सावली आखूड होते. (सावली खरोखर आखूड होईपर्यंत कॅमेरा चालू ठेवा. कापताना त्यातली दोन सेकंदं पुरतील.)

०:४१ – ०:४८
समोरचा काठ. चाकरमानी, एक बॅग पाठीवर, एक हातात. चाचा जवळच्या झापाच्या टपरीत चहा पिताहेत, पाठ खाडीकडे. अलीकडे कुणी थांबलं आहे याचा त्यांना पत्ता नाही.

चाकरमानी (फोनवर): आई, मी धक्क्यावर आहे. जर होडी सुटली नाही…

दुरून एसटीचा हॉर्न. तो मान वळवतो.

चाचांना कुठेही आळशी किंवा बेफिकीर दाखवू नका. एक माणूस, एक होडी आणि दोन काठ. पलीकडचा आवाज वाऱ्यावर विरतो, तो त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. त्यांनी कपाळाला हात लावून अलीकडे बघावं, एवढं एक दृश्य घ्या.

काळा पडदा. एक सेकंद पूर्ण शांतता.

अक्षरं: तृतीया

०:४८ – १:०२
तीच पडवी, तीच पायरी. कालच्यापेक्षा जास्त अंधार. मुलगी चहा पिते आहे, वेणी घालून तयार. फोन शेजारी उपडा ठेवलेला.

आजी (पेरं मोजत): तिनाची पाऊणपट सव्वादोन…

फोनमधून कुकारा. तोच सूर, पण लहान, जवळचा, घरातल्यासारखा.

कूऽऽ

आजीचं मोजणं थांबतं. ती आधी खाडीच्या दिशेनं बघते, मग फोनकडे. मुलगी फोन उचलते. पडद्याचा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडतो. पडदा आपल्याला दिसत नाही. ती कप ठेवते आणि उठते.

आजी: एवढ्या लवकर?

मुलगी: आज लवकरच जायचंय.

(फोनचा पडदा एका चौकटीतही दिसता कामा नये. कपाटाच्या काचेत, कपातल्या चहात, चष्म्यात त्याचं प्रतिबिंब पडत नाही ना, हे दोनदा तपासा. नकाशा, पाण्याची वेळ, ‘येतो’ म्हणणारी खूण, पलीकडे किती माणसं थांबली आहेत तो आकडा, हे सगळं तयार आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण ते आत्ता दाखवलं, तर पाहणारा मनात ‘बरं’ म्हणेल आणि पुढे जाईल. आजीसारखं त्यालाही वाटलं पाहिजे: हा कुकारा आला कुठून?)

एक तुकडा, दीड सेकंद: होडीच्या काठावर चाचांचा हात. खाऱ्या पाण्यानं भेगाळलेला अंगठा, साधा बटणांचा फोन, एक बटण दाबलं जातं. बस. स्मार्टफोन नाही, हे ज्याच्या लक्षात येईल त्याला रात्रभर कोडं पडेल. त्याला पडू द्या.

१:०२ – १:०८
धक्का. कालच्यापेक्षा पाणी वर आहे, शेवटच्या पायरीला टेकलेलं. होडी लागते त्याच क्षणी मुलगी पायऱ्या उतरते. फळी टाकली जाते. मावशी आधीच बसलेली, फडकं ओलं.

चाचा: ये गो बाय. पाय सांभाळ.

मावशी: कशी गो बरोब्बर येतेस?

मुलगी हसते, फोन दप्तरात टाकते. चाचा बांबूनं होडी लोटतात. पाण्यावर पहिलं ऊन.

(दोन्ही दिवस खरोखरच दोन सलग तिथींना चित्रित करायचे. भरती दिवसाला साधारण पाऊण तास पुढे सरकते, म्हणून तृतीयेला त्याच घटकेला ओहोटी पुरी झालेली नसते आणि पायरीशी पाणी मिळतं. काठावरचा कुणीही पाहणारा हा फरक लगेच ओळखेल. एकाच दिवशी दोन्ही उरकले, तर तो तेही ओळखेल, आणि मग आपल्या ॲपवर विश्वास का ठेवावा?)

१:०८ – १:१५
होडी चौकटीबाहेर जाते. रिकामं पाणी, त्यावर उठलेली रेघ. रेघेच्या वर एकच शब्द उमटतो:

तर

तीन सेकंद तो तसाच. मग खाली, लहान अक्षरांत:

शिमग्याच्या आधी. तुमच्या धक्क्यावर.

‘लवकरच’ लिहायचं नाही. शिमग्याला पालख्या निघतात, मुंबईहून माणसं येतात, तेव्हा सगळ्या धक्क्यांवर गर्दी असते. काठावरच्या माणसाला ही मुदत तारखेपेक्षा नेमकी कळते आणि ती आपण पाळणार आहोत.

आवाज: पाण्याची चुबुक. शेवटी कुकारा, दुसऱ्या काठावरून, पुरुषाचा. पहिल्या सात सेकंदांत जे उत्तर आलं नव्हतं, ते आता येतं.

व्हॉट्सअ‍ॅप स्टेटससाठी २० सेकंद

पहिला कुकारा, इथे काळ्या पडद्याऐवजी मावशीच्या तोंडाशी धरलेल्या हातांवर (३ सेकंद). आजीचं ‘पाणी मला कळतं. चाचा कुठल्या काठाला आहे, ते कुठे कळतं?’ (५). मावशीचं अर्धवट ‘जर’ (४). पडवीतला फोन, लहान कुकारा, आजीची नजर (४). ‘तर’ आणि शिमग्याची ओळ (४). बटणाचा तुकडा इथे घालू नका. तो पूर्ण टीझर उघडणाऱ्यासाठी आहे.

हा तुकडा आवाज बंद ठेवून बरेच जण पाहतील, म्हणून आजीची आणि मावशीची वाक्यं खाली मराठीत उमटू द्या. कुकाऱ्याच्या जागी मात्र काहीही लिहू नका. फक्त मावशीचे तोंडाशी धरलेले हात.

आवाजाची टीप

कुकारा स्टुडिओत करायचा नाही. काठावर रोज होडी बोलावणाऱ्या बाईला, तिची परवानगी घेऊन आणि मोबदला देऊन, पहाटे धक्क्यावर उभं करा. ध्वनिमुद्रण यंत्र पलीकडच्या काठावर ठेवा. मधलं सगळं पाणी ओलांडून जो आवाज तिथे पोचेल, तोच आपला आवाज. फोनमधला लहान कुकाराही त्याच मुद्रणातून काढायचा, दुसरा करायचा नाही. वारा अलीकडून पलीकडे असेल अशी पहाट मिळेपर्यंत थांबा. दोन दिवस जास्त गेले तरी चालतील.