गुणोत्तर विश्लेषण: ताळेबंदातील गाळलेल्या रकमा शोधा

सराव प्रश्नपत्रिका, बी. कॉम. द्वितीय वर्ष
गुण ४०, वेळ दीड तास

सर्व रकमा रुपयांत. टिपांसह सोडवा; नुसत्या उत्तराला गुण नाहीत. वेगळे सांगितले नसेल तर द्रुत गुणोत्तरासाठी चालू देयता पूर्ण धरा.

पेपर हातात घेतल्यावर आधी दिलेल्या माहितीत रुपयांतली रक्कम कोणती आहे ते पाहा. बाकी सगळी प्रमाणे असतात आणि ती त्या एका रकमेला टांगायची असतात. ती न शोधता विक्रीपासून सुरुवात केली की पान भरते, हाती काही लागत नाही. दरवर्षी निम्मा वर्ग इथेच अडकतो, म्हणून पहिला प्रश्न सोडवून दिला आहे.

प्रश्न १ (सोडवलेला). सांगलीतील एका हळद व्यापाऱ्याची ३१ मार्च २०२४ ची माहिती: खेळते भांडवल १,५०,०००, चालू गुणोत्तर २.५; द्रुत गुणोत्तर १.५, साठा उलाढाल ६ वेळा (अंतिम साठ्यावर), ढोबळ नफा विक्रीच्या २५%, सर्व विक्री उधारीवर, वसुलीचा काळ दीड महिना, स्थिर मालमत्ता उलाढाल २ वेळा (विक्रीवर), राखीव निधी व भांडवल ३:८. दीर्घ मुदतीचे कर्ज नाही. ताळेबंद तयार करा.

उत्तर: चालू देयता १ मानली तर चालू मालमत्ता २.५, म्हणजे खेळते भांडवल १.५. ते १,५०,००० आहे, म्हणून देयता १,००,००० आणि चालू मालमत्ता २,५०,०००. द्रुत मालमत्ता देयतेच्या दीडपट, १,५०,०००. राहिलेले १,००,००० म्हणजे साठा. दोन गुणोत्तरांतला फरक म्हणजेच साठा, हे एकदा नीट कळले की अर्धे काम झाले.

साठा सहा वेळा फिरला, म्हणून विकलेल्या मालाची किंमत ६,००,०००. नफा विक्रीवर २५% आहे, तेव्हा ही किंमत विक्रीच्या ७५%, विक्री ८,००,०००. इथे ६,००,००० चे २५% काढून मिळवू नका, ७,५०,००० येतील आणि पुढचे सगळे बिघडेल. ऋणको ८,००,००० × १.५ ÷ १२ = १,००,०००. रोख व बँक १,५०,००० वजा १,००,००० = ५०,०००. स्थिर मालमत्ता ४,००,०००.

एकूण मालमत्ता ६,५०,०००. देयता वजा जाता मालकाचा निधी ५,५०,०००. अकरा भागांपैकी आठ भाग भांडवल ४,००,०००, तीन भाग राखीव निधी १,५०,०००.

ताळेबंद
देयता बाजू: भांडवल ४,००,०००, राखीव निधी १,५०,०००, चालू देयता १,००,०००. बेरीज ६,५०,०००.
मालमत्ता बाजू: स्थिर मालमत्ता ४,००,०००, साठा १,००,०००, ऋणको १,००,०००, रोख व बँक ५०,०००. बेरीज ६,५०,०००.

प्रश्न २ (१५ गुण). इचलकरंजीतील कापड दुकान: चालू गुणोत्तर २, द्रुत गुणोत्तर १.५, अंतिम साठा ९०,०००, आगाऊ भरलेला विमा १०,०००, बँक ओव्हरड्राफ्ट ४०,०००. इथे द्रुत देयतेत ओव्हरड्राफ्ट धरलेला नाही. विक्री ५,००,०००, ढोबळ नफा खरेदी किमतीवर २५%, साठा उलाढाल सरासरी साठ्यावर ५ वेळा. चालू देयता, चालू मालमत्ता, द्रुत मालमत्ता आणि आरंभीचा साठा काढा. विमा साठ्यासोबत बाजूला जातो, विसरू नका.

प्रश्न ३ (१५ गुण). विक्री १२,००,०००, त्यातली एक चतुर्थांश रोखीची. ढोबळ नफा विक्रीच्या २०%. ऋणको उलाढाल ६ वेळा (अंतिम ऋणकोंवर). सरासरी साठ्यावर उलाढाल ८ वेळा. अंतिम साठा आरंभीच्यापेक्षा २०,००० ने जास्त. चालू गुणोत्तर १.८५, द्रुत गुणोत्तर १.२; सर्व खरेदी उधारीवर, धनको उलाढाल ७ वेळा (अंतिम धनकोंवर). द्रुत मालमत्तेत फक्त ऋणको व रोख; प्रत्यक्ष खर्च नाहीत. दोन्ही साठे, ऋणको, रोख, धनको आणि इतर चालू देयता काढा.

प्रश्न ४ (१० गुण). चालू देयता ८०,०००, द्रुत गुणोत्तर १, विक्री ४,८०,००० (निम्मी उधारीवर), वसुलीचा काळ ३ महिने. द्रुत मालमत्तेत फक्त ऋणको व रोख. एका विद्यार्थिनीने ऋणको १,२०,००० काढले आणि रोख उणे ४०,००० लिहिली. गल्ल्यातली रोख उणे असू शकत नाही. तिची चूक कुठे झाली ते लिहा आणि दोन्ही रकमा दुरुस्त करा.

पडताळणीसाठी उत्तरे
२: चालू देयता ८०,०००, चालू मालमत्ता १,६०,०००, द्रुत मालमत्ता ६०,०००, आरंभीचा साठा ७०,०००.
३: साठा १,१०,००० व १,३०,०००, ऋणको १,५०,०००, रोख ९०,०००, धनको १,४०,०००, इतर चालू देयता ६०,०००.
४: ऋणको ६०,०००, रोख २०,०००.